शून्यावर 3.84

साखर कारखान्यात दाब ‘किलो’त बोलतात. दीड किलो म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला दीड किलो. टर्बाइन फिरवून बाहेर पडलेली वाफ साधारण याच दाबाने उसाचा रस उकळायला जाते. हंगामात ही वाफ कमी पडली, तर एक झडप आपोआप उघडते आणि बॉयलरची ताजी वाफ दाब कमी करून त्यात सोडते. किती उघडायचं, हे ती झडप एका पेरूएवढ्या डोक्याच्या यंत्रावरून ठरवते. त्याचं नाव प्रेशर ट्रान्समीटर.

आमच्या विभागात मी ही यंत्रं सांभाळतो. गेल्या हंगामात त्यातल्या एकाबद्दल मला विक्रेत्याला पत्र लिहावं लागलं. अशी पत्रं बहुतेक एका ओळीची असतात: ‘ट्रान्समीटर चुकीचं रीडिंग देतो, कॅलिब्रेट करून द्या.’ मग यंत्र पुण्याला जातं, पंधरा दिवसांनी ‘ठीक आहे’ असा कागद घेऊन परत येतं आणि महिन्याभरात पुन्हा सरकतं. म्हणून मी जरा मोठं पत्र लिहिलं. त्यात काय होतं, हे समजायला आधी यंत्र समजून घ्यावं लागेल.

ट्रान्समीटरच्या तोंडाशी स्टीलचा पातळ पडदा असतो, त्यामागे सिलिकॉन तेल आणि तेलापलीकडे दाब ओळखणारा सेन्सर. दाब वाढला की पडदा केसभर दबतो आणि यंत्र तेवढा वीजप्रवाह तारेतून पाठवतं. आमच्या यंत्राची कक्षा शून्य ते चार किलो. शून्याला 4 मिलिअँपिअर, एका किलोला 8, दोनला 12 आणि चारला 20. शून्य दाबालाही 4 पाठवायचं कारण असं की तार तुटली तर प्रवाह खरोखर शून्य होतो आणि बिघाड लगेच कळतो.

तार तुटलेली कळते, पण सरकणं कळत नाही. झडप स्वयंचलित असल्यामुळे पडद्यावरचा आकडा कायम 1.50 राहील, हेच ती बघते. ट्रान्समीटर चार शतांश किलो कमी सांगू लागला, की झडप थोडी जास्त उघडते, खरा दाब 1.54 होतो आणि पडद्यावर मात्र 1.50 झळकत राहतो. जे यंत्र चुकतंय, त्याचाच आकडा सगळ्यात स्थिर दिसतो. पाइपावरच्या काट्याच्या गेजवर एवढा फरक डोळ्यांनी पकडता येत नाही.

आम्हाला तो लॉगबुकने दाखवला. त्याच वाफेच्या वाटेवर थोडं आधी, टर्बाइनजवळ, दुसरा ट्रान्समीटर आहे. दोघांत नेहमी दोन शतांशांचा फरक असतो, कारण वाटेत तेवढा दाब खर्च होतो. डिसेंबरच्या सुरुवातीला हा फरक पाच शतांशांवर गेला होता. मी ट्रान्समीटर तपासला, शून्य जुळवलं आणि फरक पुन्हा दोनवर आला. फेब्रुवारीत तो सहावर होता.

इथे घाई करायची नसते, कारण वाफेच्या लाइनवर खोटं सरकणंही असतं. ट्रान्समीटर पाइपाच्या खाली बसवतात आणि मधल्या बारीक नळीत वाफ थिजून पाणी उभं राहतं. उकळत्या वाफेपासून सेन्सरला तेच वाचवतं. आमची नळी 1.2 मीटर उंच आहे, म्हणजे पाण्याचाच दाब 0.12 किलो होतो. ही वजावट कंट्रोल रूममधल्या संगणकात केलेली आहे. कोणी नळी साफ करून रिकामी सोडली, तर पाणी भरेपर्यंत आकडा कमीच येणार. निर्दोष यंत्रं या कारणाने दुरुस्तीला गेलेली मी पाहिली आहेत.

तेव्हा आधी पाळीच्या ऑपरेटरला सांगून झडप हातावर घेतली. नळीचा कॉक बंद केला, ट्रान्समीटर हवेला मोकळा केला आणि तारेत मीटर जोडला. आता पाणी, वाफ, लाइन यांचा काही संबंध उरला नव्हता. 4.00 दिसायला हवा होता, दिसला 3.84.

या क्षणी हातातल्या कम्युनिकेटरवर एक बटण दाबून शून्य जुळवण्याचा मोह होतो. तो आवरावा लागतो. बटण दाबलं की यंत्र कसं सापडलं याचा पुरावा कायमचा जातो. त्याहून वाईट म्हणजे कक्षाच बदलून टाकणं. कम्युनिकेटरवर खालची मर्यादा हलवली, की मीटरवर 4.00 येतो, पण सेन्सर चुकीचंच मोजत राहतो. मी कशालाही हात न लावता पंपाने दाब देत पाच ठिकाणी आकडे घेतले, आधी चढताना आणि मग उतरताना. नंतर हे पत्र लिहिलं. प्रत्यक्षात ते इंग्रजीत गेलं, इथे मराठीत देतो.

‘महोदय, सप्रेम नमस्कार. आपल्याकडून घेतलेला, 0 ते 4 किलो कक्षेचा ट्रान्समीटर सोबत पाठवत आहे. 12 फेब्रुवारीला तो जागेवर, कोणतीही जुळवणी न करता तपासला. 0, 1, 2, 3 आणि 4 किलोला अनुक्रमे 3.84, 7.84, 11.84, 15.85 आणि 19.84 मिलिअँपिअर मिळाले. उतरताना 0.01 पेक्षा जास्त फरक नाही. आमची मर्यादा 0.04 आहे. 8 डिसेंबरला शून्यावर 3.88 सापडला होता, तेव्हा तो जुळवून 4.00 केला होता. त्यानंतर नऊ आठवड्यांत तो पुन्हा सरकला आहे. तपासणीच्या वेळी यंत्राचं अंग सुमारे 52 अंश सेल्सिअस होतं.

नोव्हेंबरमध्ये नळी साफ केल्यावर पाणी न भरता वाफ सोडली गेली होती, हेही नमूद करतो.

विनंती अशी, की आल्याबरोबर जुळवणी न करता आकडे घ्यावेत आणि ते प्रमाणपत्रात लिहावेत. तपासणी खोलीच्या तापमानाला आणि 50 अंशांनाही व्हावी. जुळवणीनंतर यंत्र दोन किलो दाबाखाली 72 तास चालू ठेवून पुन्हा शून्य बघावं. ते टिकत नसेल, तर सेन्सर बदलण्याचा खर्च कळवावा.’

आकडे पाचही ठिकाणी जवळपास सारखेच घसरलेत. दाबाबरोबर चूक वाढत गेली असती, तर दोष शून्यात नाही, मापाच्या प्रमाणात आहे असं म्हटलं असतं. निव्वळ शून्य सरकलं असेल, तर ते जागेवरच जुळतं, विक्रेत्याला त्रास द्यायचं कारण नाही. पण जुळवून पुन्हा त्याच दिशेला गेलेलं शून्य सेन्सरबद्दल, पडद्याबद्दल किंवा आतल्या तेलाबद्दल शंका निर्माण करतं. म्हणून या पत्रात डिसेंबरची ओळ मला फेब्रुवारीच्या पाच आकड्यांपेक्षा महत्त्वाची वाटते. तापमानाचं कारणही साधं आहे. गरम असताना चुकणारं यंत्र वातानुकूलित प्रयोगशाळेत बिनचूक वागू शकतं.

नोव्हेंबरची चूक लिहू नये, वॉरंटी जाईल, असं आमच्यातल्या एकाने सुचवलं होतं. मी ती लिहिली. वाफ थेट पडद्यावर गेली हे तपासणाऱ्याला माहीत नसेल, तर तो दोष चुकीच्या जागी शोधेल आणि तसाच परत पाठवेल.

यंत्र तीन आठवड्यांनी आलं. प्रमाणपत्रात पहिल्यांदाच दोन रकाने होते, सापडलं तसं आणि जुळवल्यानंतरचं. खोलीच्या तापमानाला 3.93, 50 अंशांना 3.84. बहात्तर तासांनी शून्य पुन्हा 3.97 वर उतरलं होतं. सेन्सर बदलावा लागला आणि खर्च आमच्याकडे आला. बसवताना या वेळी व्हेंटच्या तोंडातून नळीत आधी पाणी भरलं, मग कॉक हळूहळू उघडला.