तीन जनगणना आणि एक मर्यादा

१९२० साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या रेमंड पर्ल आणि लोवेल रीड यांनी अमेरिकेच्या फक्त तीन जनगणनांचे आकडे घेतले. १७९० साली लोकसंख्या ३९.२९ लाख, १८५० साली २.३२ कोटी आणि १९१० साली ९.२० कोटी. तेवढ्यावरून त्यांनी सांगितलं की या देशाची लोकसंख्या शेवटी १९.७३ कोटींच्या आसपास थांबेल. हे कुठलं भविष्यकथन नव्हतं. त्यामागे बारावीच्या विद्यार्थ्यालाही सोडवता येईल असं एक अवकल समीकरण होतं.

समीकरण मुळात बेल्जियमच्या पिएर फ्रान्स्वा व्हेरहुल्स्टचं, १८३८ सालचं:

dP/dt = rP(1 − P/K)

P म्हणजे लोकसंख्या, K म्हणजे ती जिथवर जाऊ शकते ती मर्यादा आणि r म्हणजे जागा मुबलक असतानाचा वाढीचा दर. P लहान असताना कंस जवळपास १ असतो आणि वाढ चक्रवाढीने होते. P जसजशी K जवळ येते तसतसा कंस शून्याकडे सरकतो आणि वाढ मंदावते.

सोडवताना पहिली पायरी म्हणजे P असलेलं सगळं एका बाजूला आणि t दुसऱ्या बाजूला न्यायचं:

K dP / [P(K − P)] = r dt

उजवी बाजू सोपी आहे. डावीकडे छेदात P आणि K − P यांचा गुणाकार आहे, त्याचं थेट समाकलन सुचत नाही. म्हणून त्याचे आंशिक अपूर्णांक करायचे, म्हणजे एका अपूर्णांकाचे दोन सुटे अपूर्णांक:

K / [P(K − P)] = 1/P + 1/(K − P)

उजव्या बाजूची बेरीज करून बघा. अंशात K − P + P येतं, म्हणजे K. आता दोन्ही पदांचं समाकलन होतं:

ln P − ln(K − P) = rt + C

इथला उणे नीट बघा, परीक्षेत गुण जातात ते इथेच. 1/(K − P) मध्ये P च्या आधी उणे आहे, म्हणून समाकलनातही उणे येतो. तो विसरला तर डावीकडे ln[P(K − P)] तयार होतं. पण P(K − P) हा गुणाकार K²/4 च्या वर कधीच जात नाही आणि उजवी बाजू तर वाढतच राहते. असं होऊच शकत नाही, तेव्हा चूक झाली हे लगेच कळावं.

लॉगरिदम काढला की उरतं:

P/(K − P) = A·e^(rt)

पुस्तकं इथे न थांबता P = … असं सूत्र मांडतात. मला मात्र ही मधली ओळच जास्त बोलकी वाटते. भरलेली जागा भागिले रिकामी जागा हे गुणोत्तर कुठेही न मंदावता, निव्वळ चक्रवाढीने वाढतं. म्हणजे सारख्या काळात ते सारख्याच पटीने वाढायला हवं.

पर्ल आणि रीड यांचा K याच अटीतून निघतो. तिन्ही जनगणनांमध्ये साठ-साठ वर्षांचं अंतर आहे. K १५ कोटी धरला तर गुणोत्तर पहिल्या साठ वर्षांत ६.८ पट आणि पुढच्या साठांत ८.७ पट होतं. २५ कोटी धरला तर ६.४ आणि ५.७ पट. दोन्ही पटी जुळतात त्या १९.७३ कोटींना, दोन्ही वेळा ६.५६. त्यातून r वर्षाला सुमारे ०.०३१३ येतो, म्हणजे गुणोत्तर दर २२ वर्षांनी दुप्पट होतं. १९१४च्या सुमाराला ते १ होतं. तिथे लोकसंख्या मर्यादेच्या निम्म्यावर असते, वाढ सर्वात वेगवान असते आणि तिथून पुढे ती मंदावू लागते.

पुढे काय झालं? १९३०साठी सूत्र १२.२४ कोटी सांगतं, मोजणीत आले १२.२८ कोटी. इतका जवळचा अंदाज पाहून कोणाचाही विश्वास बसला असता. १९६०साठी सूत्र १५.९ कोटी सांगतं, प्रत्यक्षात भरले १७.९ कोटी. १९७० साली तर २०.३ कोटी, म्हणजे मर्यादाच ओलांडली गेली. अलास्का आणि हवाई ही राज्यं १९५९ साली जोडली गेली हे खरं, पण त्यांची माणसं जेमतेम दहा-अकरा लाख. खरं कारण दुसऱ्या महायुद्धानंतर वाढलेले जन्म हे होतं. समीकरणात r आणि K कायमचे स्थिर धरले होते, माणसांचं वागणं मात्र बदललं.

दुसरी अडचण आकड्यांतच होती. १९१० साली देश निम्म्या टप्प्याच्याही खाली होता. त्या साली मोजणी दोन टक्क्यांनी कमी भरली असती तर K १९.७ वरून १८.६ कोटींवर आला असता. वक्र अजून वाकलेला नसताना तो कुठे सपाट होणार हे ठरवू पाहिलं की एवढ्याशा फरकाने उत्तर हलतं. तेव्हा असा एस-आकाराचा वक्र दाखवून कोणी मर्यादा सांगितली, तर त्यांच्याकडचे आकडे निम्मा टप्पा ओलांडून पुढे गेले आहेत का, हे आधी विचारा.