समीकरणातून उमलणारा गुलाब

सपाट कागदावरच्या कोणत्याही बिंदूचे स्थान दोन संख्यांनी सांगता येते. कार्तीय पद्धतीत आरंभबिंदूपासून आडवे किती जायचे ते x सांगतो आणि उभे किती जायचे ते y सांगतो. ध्रुवीय पद्धतीत त्याच आरंभबिंदूला ध्रुव म्हणतात. तिथे X-अक्षाच्या धन बाजूपासून घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने कोन θ इतके वळायचे आणि त्या दिशेने r इतके अंतर जायचे. दोन्ही पद्धतींत एक मूलभूत फरक आहे. कार्तीय पद्धतीत प्रत्येक बिंदूला (x, y) ची एकच जोडी मिळते, तर ध्रुवीय पद्धतीत एकाच बिंदूला अनेक जोड्या लागू पडतात. रूपांतर करताना आणि वक्र काढताना होणाऱ्या बहुतेक चुका या फरकातूनच येतात.

अनेक जोड्या दोन कारणांनी मिळतात. पहिले कारण म्हणजे कोनात 360° मिळवले तरी दिशा तीच राहते. दुसरे कारण म्हणजे r ऋण असू शकतो. r ऋण असेल तर कोनाने दाखवलेल्या दिशेकडे पाठ करून, नेमक्या विरुद्ध दिशेला तेवढे अंतर जायचे. त्यामुळे (2, 30°), (2, 390°) आणि (−2, 210°) ही तिन्ही एकाच बिंदूची नावे ठरतात.

ध्रुवीयकडून कार्तीयकडे जाणे सरळ आहे. बिंदूपासून X-अक्षावर लंब टाकला की काटकोन त्रिकोण तयार होतो आणि त्यातून x = r cos θ, y = r sin θ ही सूत्रे मिळतात. (2, 30°) साठी x = 2 × 0.866, म्हणजे सुमारे 1.73, आणि y = 2 × 0.5 = 1. (−2, 210°) या जोडीनेही हेच उत्तर येते, कारण 210° ची cos आणि sin ही दोन्ही मूल्ये ऋण आहेत आणि ऋण r ने गुणल्यावर ती धन होतात.

उलट प्रवासात मात्र सावध राहावे लागते. पायथागोरसच्या प्रमेयावरून r² = x² + y² आणि वरच्या दोन सूत्रांच्या भागाकारातून tan θ = y/x मिळते. आता (−1, √3) हा बिंदू घेऊ. r² = 1 + 3 = 4, म्हणून r = 2. tan θ = −√3 असल्याने कॅल्क्युलेटर θ = −60° दाखवतो. पण (2, −60°) हा बिंदू चौथ्या चरणात पडतो, तर दिलेला बिंदू दुसऱ्या चरणात आहे. 180° च्या अंतरावरील दोन विरुद्ध दिशांना tan चे मूल्य सारखेच असते आणि कॅल्क्युलेटर त्यांपैकी एकच दाखवतो. म्हणून आधी x आणि y च्या चिन्हांवरून चरण ठरवायचे आणि x ऋण असेल तर मिळालेल्या कोनात 180° मिळवायचे. इथे −60° + 180° = 120°, म्हणून योग्य जोडी (2, 120°). x शून्य असेल तर भागाकारच करता येत नाही. अशा वेळी बिंदू Y-अक्षावर असतो, म्हणून y धन असल्यास कोन 90° आणि ऋण असल्यास 270° घ्यायचा.

हीच सूत्रे वक्रांच्या समीकरणांनाही लागू होतात. r = 4 cos θ हे समीकरण घेऊ. दोन्ही बाजूंना r ने गुणले की r² = 4r cos θ, म्हणजेच x² + y² = 4x. वर्ग पूर्ण केल्यावर (x − 2)² + y² = 4 हे रूप मिळते. हे (2, 0) केंद्र आणि 2 त्रिज्या असलेले वर्तुळ आहे. r ने गुणताना r = 0, म्हणजे ध्रुव, हा जास्तीचा बिंदू घुसू शकतो. इथे तसे होत नाही, कारण θ = 90° असताना मूळ समीकरणातही r शून्यच असतो. उलट बाजूने, x = 3 या उभ्या रेषेचे समीकरण r cos θ = 3 असे होते.

काही वक्रांना मात्र ध्रुवीय रूपच शोभते. इटालियन गणितज्ञ ग्विदो ग्रांदी यांनी अठराव्या शतकात अभ्यासलेले गुलाबवक्र त्यांपैकीच आहेत. १७२८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाचा विषयच अशी भूमितीय फुले हा होता. यांचे समीकरण r = a cos nθ किंवा r = a sin nθ असे असते. a ही पाकळीची लांबी आणि n ही पूर्ण संख्या असते.

r = 4 cos 2θ हा वक्र काढून पाहू. त्यासाठी भाराभर बिंदू लागत नाहीत. r सर्वांत मोठा कुठे होतो, शून्य कुठे होतो आणि मधल्या टप्प्यांत त्याचे चिन्ह कोणते, एवढे कळले की पुरते. θ = 0° ला r = 4, 30° ला 2 आणि 45° ला 0. म्हणून रेखाटन (4, 0) या टोकापासून सुरू होते आणि X-अक्षाच्या वरच्या बाजूने वळत ध्रुवापाशी येते. इथे उजव्या पाकळीचा वरचा अर्धा भाग पूर्ण होतो. ध्रुवात शिरताना वक्र 45° च्या रेषेला स्पर्श करतो, म्हणून ही रेषा आधीच पुसट आखून ठेवली की पाकळीचा आकार बिघडत नाही.

45° ते 135° या टप्प्यात r ऋण आहे आणि 90° ला तो −4 होतो. कोनाची दिशा वर असली तरी बिंदू खाली पडतात, म्हणून (0, −4) हे टोक असलेली खालची पाकळी तयार होते. 135° ते 225° मध्ये r पुन्हा धन होतो आणि डावी पाकळी निघते. 225° ते 315° मध्ये दिशा खाली, पण r ऋण, त्यामुळे वरची पाकळी निघते. शेवटच्या 45° मध्ये उजव्या पाकळीचा राहिलेला खालचा अर्धा भाग पुरा होतो. अशा रीतीने एका पूर्ण फेरीत चार पाकळ्या होतात.

याच वक्राचे कार्तीय रूप (x² + y²)³ = 16(x² − y²)² असे आहे. cos 2θ च्या जागी (x² − y²)/r² लिहून आणि मग वर्ग करून ते मिळते. आधी काढलेला (√3, 1) हा बिंदू त्यात घातला तर दोन्ही बाजूंना 64 येतात, म्हणजे रूपांतर बरोबर आहे. पण या समीकरणाकडे पाहून पाकळ्या किती आणि त्यांची टोके कुठे, हे चटकन ओळखता येत नाही.

n = 2 असताना पाकळ्या चार, मग n = 3 असताना सहा असाव्यात असे वाटते. प्रत्यक्षात r = 4 cos 3θ ला तीनच पाकळ्या असतात आणि त्यांची टोके 0°, 120° आणि 240° या दिशांना येतात. कारण पुन्हा r च्या चिन्हात आहे. n विषम असताना कोनात 180° मिळवले की r चे फक्त चिन्ह बदलते. दिशा उलटली आणि चिन्हही उलटले, म्हणजे बिंदू जुनाच राहिला. त्यामुळे 180° पर्यंत वक्र पूर्ण होतो आणि पुढच्या अर्ध्या फेरीत तोच पुन्हा गिरवला जातो. n सम असताना r चे चिन्ह बदलत नाही, म्हणून ध्रुवाच्या पलीकडचा बिंदू मिळतो आणि नव्या पाकळ्या उमटतात. म्हणून n विषम असल्यास n पाकळ्या आणि सम असल्यास 2n.

ऋण r धन समजून काढण्याची चूक 4 cos 2θ मध्ये पकडता येत नाही, कारण तसे केले तरी तीच चार पाकळ्यांची आकृती येते, फक्त पाकळ्यांचा क्रम बदलतो. 4 cos 3θ मध्ये मात्र तीनऐवजी सहा पाकळ्या दिसतात आणि चूक उघड होते. याउलट, ऋण r चे बिंदू सोडूनच दिले तर 4 cos 2θ च्या दोनच पाकळ्या उरतात. म्हणून पाकळ्या मोजणे ही आकृती तपासण्याची सोपी रीत आहे.

cos ऐवजी sin असेल तर फूल तेच राहते, फक्त 90°/n ने वळते. r = 4 sin 2θ च्या चार पाकळ्या अक्षांवर नसून चारही चरणांच्या मधोमध, 45° च्या तिरप्या रेषांवर असतात.