नोकरीचा पत्रव्यवहार : रिक्रूटरच्या तीन प्रश्नांना तीन ओळी

गेल्या आठवड्यात आपण बायोडेटा पाहिला. तो पसंत पडला की रिक्रूटरची छोटी मेल येते: नोटीस पिरियड किती, सध्या कुठे राहता, अमुक अमुक येतं का आणि किती वर्षं? ही उत्तरं पुढे कुठे जातात ते आधी समजून घेऊ. रिक्रूटर ती एक्सेलच्या शीटमध्ये तुमच्या नावापुढच्या रकान्यांत भरतो आणि शीट कंपनीतल्या मॅनेजरकडे पाठवतो. मॅनेजर तुमच्याशी कधी बोललेला नसतो, त्याला फक्त तो रकाना दिसतो. म्हणून आकडा आधी लिहायचा, अट असलीच तर त्याच ओळीत पुढे.

उदाहरणादाखल वसमत तालुक्यातल्या कुरुंद्याचा एक तरुण घेऊ. पुण्याच्या कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम तो घरूनच करतो. अनुभव ३ वर्षं ४ महिने. नवी जागा पुण्यातच आहे, पण आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला जावं लागणार आहे.

नोटीसच्या प्रश्नाला त्याने पहिल्यांदा लिहिलं, ‘लवकरात लवकर, निगोशिएबल.’ रकान्यात भरायला यात काहीच नाही. रिक्रूटर एक तर फोन करून तेच पुन्हा विचारतो, नाहीतर ९० दिवस धरून मोकळा होतो. लिहिलेल्याच गोष्टीसाठी फोन आला, तर उत्तर स्पष्ट नव्हतं असं खुशाल समजावं. मग त्याने नेमणूकपत्र काढून पाहिलं. त्यात ६० दिवस होते, आणि मॅनेजरची संमती असेल तर उरलेल्या दिवसांचा पगार भरून लवकर सुटता येईल असं कलम होतं. नवी ओळ अशी झाली: ‘६० दिवस. राजीनामा अजून दिलेला नाही. बायआउटची तरतूद आहे, कंपनीच्या संमतीवर अवलंबून.’

मधलं वाक्य महत्त्वाचं आहे. ६० दिवस मोजायचे ते राजीनाम्यापासून, मेलच्या तारखेपासून नाहीत. ऑफर हातात आल्यावरच तो राजीनामा देणार, हे त्यावरून रिक्रूटरला कळतं. राजीनामा आधीच दिला असेल, तर दिवसांऐवजी शेवटच्या कामाच्या दिवसाची तारीख लिहावी. ‘इमिजिएट जॉइनर’ असं लिहायचं ते फक्त खरोखर मोकळे असाल तरच. पुढे रिलीव्हिंग लेटर मागतात, पीएफच्या नोंदींत रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख असते, आणि दोन नोकऱ्यांच्या तारखा एकमेकींवर चढल्या तर पडताळणीत ते दिसतं.

ठिकाणाच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न असतात: आज कुठे आहात, आणि कामाच्या ठिकाणी येणार का? नुसतं ‘कुरुंदा’ लिहिलं तर गावाची माहिती नसलेल्या माणसाला अंदाज येत नाही. नुसतं ‘पुणे’ लिहिलं तर उद्या सकाळी अकराला समोरासमोर मुलाखतीला बोलावतील, आणि कुरुंद्याहून पुण्याला पोचायचं म्हणजे अख्ख्या रात्रीचा प्रवास. त्याने लिहिलं: ‘सध्या कुरुंदा, जि. हिंगोली (नांदेडजवळ), घरून काम. पुण्यात राहायला येण्याची तयारी, रुजू होण्याच्या तारखेपासून. आठवड्यातून तीन दिवस ऑफिस मान्य. प्रत्यक्ष मुलाखतीसाठी दोन दिवस आधी कळवावं.’ घरी विचारून मगच ‘तयारी’ हा शब्द लिहावा. ऑफर आल्यावर ‘येता येणार नाही’ म्हटलं, की त्या रिक्रूटरकडून पुन्हा मेल येण्याची आशा फारशी उरत नाही.

तिसरा प्रश्न कौशल्यांचा. सेलेनियम, एपीआय टेस्टिंग आणि जेमीटर अशी तीन नावं विचारली होती. इथे बहुतेक जण एकूण अनुभवच सगळीकडे उतरवतात. या तरुणाचे पहिले १ वर्ष ३ महिने हाताने टेस्टिंग करण्यात गेले, सेलेनियम त्यानंतर हातात आलं. म्हणून: ‘सेलेनियम (जावासह): २ वर्षं १ महिना, सध्या रोज वापरतो. एपीआय टेस्टिंग (पोस्टमन): १ वर्ष, सध्याच्या प्रोजेक्टमध्ये. जेमीटर: कामात वापरलेलं नाही, सराव केला आहे.’ ‘गुड नॉलेज’ने रकाना भरत नाही. वर्षं किती आणि शेवटचं कधी वापरलं, एवढं पुरतं. जेमीटरपुढे १ वर्ष लिहिलं असतं तर मुलाखतीत दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नालाच ते उघडं पडलं असतं, आणि मग सेलेनियमच्या खऱ्या दोन वर्षांवरही कोणी विश्वास ठेवला नसता.

उत्तर त्याच मेलला ‘रिप्लाय’ करून, प्रत्येक प्रश्नाखाली त्याचं उत्तर, शक्यतो त्याच दिवशी द्यावं. विषयाची ओळ बदलू नये, रिक्रूटर त्यावरूनच मेल शोधतो. बायोडेटा पुन्हा जोडावा आणि त्यातली वर्षं मेलमधल्या वर्षांशी ताडून पाहावीत.

पाठवलेली मेल जपून ठेवा. निवड झाल्यावर एचआरच्या फॉर्ममध्ये हेच प्रश्न पुन्हा येतात, आणि तिथले आकडे या मेलशी जुळायला हवेत. याच मेलमध्ये विचारला जाणारा चौथा प्रश्न, सध्याचा आणि अपेक्षित पगार, पुढच्या आठवड्यात.