नव्या टीव्हीचा पहिला अर्धा तास

गेल्या दिवाळीत साताऱ्याला मावशीकडे नवा ४३ इंची टीव्ही आला. बसवायला आलेला मुलगा भिंतीवर स्टँड ठोकून, वायर जोडून गेला. पुढचं सगळं अमेरिकेहून सुट्टीवर आलेल्या मावसभावानं केलं. त्यानं स्वतःचं गूगल खातं टाकलं, पडद्यावर जे विचारलं जाईल त्याला ‘हो’ म्हटलं आणि पंधरा मिनिटांत टीव्ही सुरू करून दिला. तो परत गेल्यावर मावशीचा फोन आला. ‘अरे, शेजारी ज्या अ‍ॅपवर मालिका बघतात ते आमच्या टीव्हीवर सापडतच नाही. आणि यूट्यूब लावलं की नुसते बेसबॉलचे व्हिडिओ येतात. टीव्ही खराब आहे का रे?’

टीव्हीत काहीच बिघाड नव्हता. चूक झाली होती ती पहिल्या पंधरा मिनिटांत. टीव्हीवर गूगल टीव्ही ही प्रणाली होती आणि तिथलं अ‍ॅपचं दुकान, म्हणजे प्ले स्टोअर, टीव्ही कुठल्या गावात आहे हे बघत नाही. खातं ज्या देशाचं आहे त्या देशाचा माल ते दाखवतं. भावाचं खातं अमेरिकेचं, त्यामुळे दुकानही अमेरिकेचं. शिवाय यूट्यूबनं त्याची आवड ओळखून व्हिडिओ सुचवले. खात्याचा देश बदलता येतो, पण वर्षातून एकदाच, आणि बदलला असता तर तिकडे भावाच्या फोनचं दुकानही भारताचं झालं असतं. म्हणून आम्ही सोपा मार्ग धरला. सेटिंगमध्ये जाऊन टीव्ही ‘फॅक्टरी रीसेट’ केला, म्हणजे कारखान्यातून आला तसा कोरा केला, आणि पहिल्या पडद्यापासून सुरुवात केली. पडद्यांचा क्रम कंपनीगणिक थोडा बदलतो. प्रश्न मात्र साधारण हेच असतात.

पहिला प्रश्न भाषेचा. यादीत मराठी दिसली तर जरूर निवडावी, पण ही भाषा फक्त मेनूची असते. मालिका आणि बातम्यांशी तिचा संबंध नाही. मदत करणारं माणूस फोनवरून सूचना देणार असेल, तर दोघांना दिसणारे शब्द सारखे असावेत, म्हणून आम्ही इंग्रजी ठेवली. भाषा पुढे केव्हाही बदलता येते.

देशाचं तसं नाही. काही टीव्ही देश नकाशातून किंवा यादीतून विचारतात, आणि घाईत रिमोटचं बटण दाबताना वरच्या-खालच्या ओळीतला देश निवडला जातो. या एका उत्तरावर कंपनीचं स्वतःचं अ‍ॅप-दुकान, कंपनीच्या मोफत वाहिन्या आणि कोणत्या संमत्या विचारायच्या हे ठरतं. अनेक टीव्हींवर तो नंतर बदलायचा तर पुन्हा रीसेटच करावं लागतं. त्यामुळे इथे ‘India’ शब्द नीट वाचून मगच ओके दाबावं. आणि लक्षात ठेवावं की टीव्हीचा देश आणि खात्याचा देश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मावशीच्या टीव्हीचा देश पहिल्या वेळीही भारतच होता. अडलं ते खात्यापाशी.

याच सुमारास काही टीव्ही विचारतात, की हा घरी लावायचा आहे की दुकानात. पर्याय ‘Home’ आणि ‘Store’ किंवा ‘Retail’ असे दिसतात. दुकानाचा पर्याय चुकून निवडला तर चित्र डोळ्यांवर येईल इतकं उजळ होतं, पडद्यावर जाहिरातीच्या पट्ट्या फिरत राहतात आणि आपण कमी केलेला उजेड थोड्या वेळानं पुन्हा वाढतो. नव्या टीव्हीत असं दिसलं तर तो बिघाड नसतो. सेटिंगमध्ये ‘Home’ करून घ्यावं.

पुढचा पडदा सगळ्यात कमी वाचला जातो. गूगल टीव्ही दोन पर्याय देतो: ‘Set up Google TV’ आणि ‘Set up basic TV’. दुसरा पर्याय घेतला तर ना खातं लागतं, ना वायफाय. टीव्ही फक्त सेट-टॉप बॉक्सचं किंवा जोडलेल्या यंत्राचं चित्र दाखवतो, अ‍ॅप नसतात. ज्या घरी केबल किंवा डीटीएचच बघितलं जातं, तिथे हा पर्याय अगदी योग्य आहे. पुढे कधी अ‍ॅप हवीशी वाटली तर त्याच टीव्हीवर पूर्ण सेटअप करता येतो. मावशीला मालिकांचं अ‍ॅप हवं होतं, म्हणून आम्ही पहिला पर्याय घेतला.

आता वायफाय. मावशीकडे राउटर पुढच्या खोलीत आणि टीव्ही मधल्या, आणि मध्ये जुन्या घराची जाड भिंत. यादीत एकाच घराची दोन नावं दिसली, एकाच्या शेवटी ‘5G’ होतं. हा मोबाइलचा ‘फाइव्ह जी’ नव्हे. हे ५ गिगाहर्ट्‌झचं वायफाय. ते वेगवान असतं, पण भिंत ओलांडताना लवकर क्षीण होतं. दुसरं २.४ गिगाहर्ट्‌झचं, हळू पण लांब पोचणारं. टीव्ही आणि राउटर एकाच खोलीत असतील तर पहिलं घ्यावं, मध्ये भिंती असतील तर दुसरं. वेगाची फार चिंता नको: नेटफ्लिक्सच्या शिफारशीनुसार फुल एचडी चित्राला ५ एमबीपीएस पुरतात आणि फोर-के चित्राला १५. काही टीव्हींना ५ गिगाहर्ट्‌झचं वायफाय दिसतच नाही, तेव्हा नाव यादीत नसेल तर राउटर बिघडला असं लगेच समजू नये. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर सेटअप करून घेता येतो, पण रोजचं बघणं त्यावर नको. फोर-के चित्रपटाला तासाला ७ जीबीपर्यंत डेटा जातो.

वायफाय जोडलं गेलं, तरी खात्याच्या पडद्यावर गाडी अडली तर टीव्हीची तारीख आणि वेळ बघावी. घड्याळ चुकलेलं असेल तर सुरक्षित जोडणी होत नाही आणि टीव्ही नुसता ‘इंटरनेट नाही’ असं म्हणत राहतो. तारीख हातानं बरोबर केली की काम पुढे सरकतं.

मग आला मुख्य प्रश्न, खात्याचा. इथे ना भावाचं खातं टाकायचं, ना माझं, हे आम्ही आधीच ठरवलं होतं. टीव्ही बैठकीच्या खोलीत असतो. त्यावर टाकलेल्या खात्याचा यूट्यूबचा इतिहास घरात येणाऱ्या प्रत्येकाला दिसतो, आणि खात्याला कार्ड जोडलेलं असेल तर रिमोट हातात असलेल्या नातवालाही खरेदी करता येऊ शकते. म्हणून मावशीच्या फोनवर, तिच्याच नंबरवर, फक्त टीव्हीसाठी एक नवं गूगल खातं उघडलं. त्यात कार्ड जोडलं नाही. मग टीव्हीवरचा क्यूआर कोड तिच्या फोननं स्कॅन केला, फोनवर ‘हो, मीच’ असं सांगितलं, आणि रिमोटनं एकेक अक्षर शोधत पासवर्ड लिहायची वेळ आलीच नाही.

पुढे एकेका अ‍ॅपमध्ये शिरताना टीव्ही एक छोटा कोड दाखवतो आणि तो कुठे टाकायचा तो पत्ताही सांगतो, जसं यूट्यूबसाठी `youtube.com/activate`. हा पत्ता फोनच्या ब्राउझरमध्ये वरच्या पट्टीत जसाच्या तसा टाइप करावा. तो शोधायला गेलं की हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या साइट निघतात, तिथला ‘कस्टमर केअर’ नंबर लागतो आणि पलीकडचा माणूस ‘अ‍ॅक्टिव्हेशन’चे पैसे मागतो. टीव्हीवर अ‍ॅप सुरू करण्याचे पैसे कोणीही घेत नाही. वर्गणी असेल तर ती अ‍ॅपच्या आत असते, फोनवरच्या अनोळखी माणसाकडे नाही.

खातं जुळलं की प्रश्नांची रांग लागते आणि इथेच माणूस कंटाळून ‘हो, हो’ करत सुटतो. मी मावशीला एकच खूण सांगितली: ज्या पडद्यावर ‘Skip’, ‘Not now’ किंवा ‘No thanks’ आहे, तिथे नाही म्हटलं तरी टीव्ही चालतो. बहुतेक वेळा तो शब्द फिकट रंगात, कोपऱ्यात असतो. वापराच्या मूळ अटी मान्य कराव्याच लागतात. स्थान सांगणं, वापराची आणि बिघाडांची माहिती पाठवणं, आवाजाची ओळख करून देणं, या तिन्हींना आम्ही नाही म्हटलं. कोणकोणत्या सेवा वापरता असं विचारणारा पडदा सोडून दिला; हवं ते अ‍ॅप नंतर घेता येतं. वाहिन्या शोधण्याचा पडदाही सोडला, कारण मावशीचा सेट-टॉप बॉक्स एचडीएमआय वायरनं जोडलेला आहे. त्याला त्या शोधाची गरज नसते.

एका पडद्यावर मात्र आम्ही थांबलो. तो गूगलचा नव्हता, टीव्हीच्या कंपनीचा होता, आणि त्यावर ‘तुमच्या आवडीनुसार कार्यक्रम सुचवण्यासाठी’ पाहण्याच्या माहितीची संमती मागितली होती. याच्या मागचं तंत्र असं: टीव्ही पडद्यावरच्या चित्राचे किंवा आवाजाचे बारीक नमुने थोड्या थोड्या वेळानं घेतो, त्यांची खूण कंपनीच्या यंत्रणेकडे पाठवतो, आणि तिथे ती जुळवून तुम्ही काय बघताय ते ओळखलं जातं. त्यामुळे नुसती अ‍ॅपच नव्हे, एचडीएमआयनं जोडलेल्या बॉक्सवर काय चाललंय तेही कळू शकतं. अमेरिकेत २०१७ साली विझिओ या टीव्ही कंपनीनं अशाच प्रकरणात २२ लाख डॉलर भरून तडजोड केली. १ कोटी १० लाख टीव्हींवरून प्रेक्षकांना न विचारता क्षणाक्षणाची माहिती गोळा केल्याचा आरोप होता. आता निदान विचारलं जातं, म्हणून उत्तर द्यावं: नाही. या नकारानं एकही वाहिनी किंवा अ‍ॅप बंद पडत नाही. आधीच ‘हो’ म्हणून झालं असेल तर सेटिंगमधल्या ‘Privacy’ किंवा ‘Terms’ या भागात ‘Viewing information’ किंवा तशाच नावाची खूण काढून टाकता येते.

न सोडण्याचा पडदा एकच, सॉफ्टवेअर अपडेटचा. टीव्ही कारखान्यातून निघून दुकानात काही महिने पडून असतो. तेवढ्या काळातल्या दुरुस्त्या त्यात येतात. त्या चालू असताना वीज जाऊ नये, म्हणून भारनियमनाची वेळ टाळावी आणि प्लग काढू नये.

सगळं मिळून अर्धा तास गेला. अ‍ॅप सापडलं, मालिका लागली. निघताना वॉरंटी कार्डाच्या पाकिटात एक चिठ्ठी ठेवली: टीव्हीच्या खात्याचा पत्ता, निवडलेला देश, वायफायचं नाव, आणि ज्या प्रश्नांना नाही म्हटलं त्यांची यादी. अपडेटनंतर संमतीचे पडदे कधीकधी पुन्हा येतात. परवा तसा एक आला, तेव्हा मावशीनं फोन केला नाही. चिठ्ठी काढली, वाचली आणि कोपऱ्यातलं फिकट बटण दाबलं.