रात्री तीनलाच का अडतं पेमेंट?

मोबाइलवरून पैसे भरताना 'पुन्हा प्रयत्न करा' असा संदेश येतो आणि पुन्हा बटण दाबलं की काम होतं. ग्राहक ते विसरून जातो, पण सेवा चालवणाऱ्यांची डोकेदुखी तिथून सुरू होते. कारण चाचणीच्या संगणकावर हा बिघाड काही केल्या होत नाही.

अशा वेळी भिस्त असते ती सेवेनं स्वतः लिहिलेल्या नोंदींवर, म्हणजे लॉगवर. 'पेमेंट फसलं' एवढंच वाक्य लिहिलेलं असेल, तर त्यातून हाती काही लागत नाही. स्ट्रक्चर्ड लॉगिंगमध्ये प्रत्येक नोंद ठरलेल्या रकान्यांत लिहितात:

```
{"time":"03:12:40","request_id":"b7e2",
 "event":"payment_call","error":"ECONNRESET",
 "conn_idle_s":412}
```

`request_id` हा त्या विनंतीचा क्रमांक. ती पुढे ज्या प्रोग्रॅमकडे जाते, तिथल्या नोंदीतही हाच क्रमांक उतरतो. त्यामुळे हजारो नोंदींतून एकाच ग्राहकाचा प्रवास सलग वाचता येतो.

जोडीला सेंट्रीसारखं एरर ट्रॅकिंगचं साधन लावतात. एकाच ठिकाणी उद्भवणाऱ्या चुका ते एका गटात टाकतं आणि चूक पहिल्यांदा कधी, सेवेच्या कोणत्या आवृत्तीत दिसली, हे सांगतं.

आता वरची नोंद वाचू. समजा, अशा सगळ्या चुका एका गटात आल्या आणि त्या बहुतेक मध्यरात्रीनंतरच्या निघाल्या. गर्दी नसताना सेवा का अडावी? सुरुवातही नेमक्या त्या आवृत्तीपासून, जिच्यात बँकेकडे जाणारं कनेक्शन दर वेळी नवं न उघडता जुनंच वापरायला घेतलं होतं. उलगडा `conn_idle_s` करतो. कनेक्शन वापराआधी किती सेकंद पडून होतं, ते इथे कळतं. फसलेल्या प्रत्येक नोंदीत हा आकडा 350 च्या पुढे आहे, यशस्वी नोंदींत कमी. ॲमेझॉनच्या क्लाउडमधला नॅट गेटवे 350 सेकंद निष्क्रिय राहिलेलं कनेक्शन सोडून देतो. सेवेला त्याचा पत्ता नसतो. दिवसा वर्दळीमुळे कनेक्शन पडून राहत नाही, रात्री राहतं.

उपाय साधा आहे: 300 सेकंद पडून राहिलेलं कनेक्शन सेवेनं आपणच बंद करायचं. चूक आली की आपोआप पुन्हा पैसे पाठवण्याचा मोह मात्र टाळावा. पहिली विनंती बँकेपर्यंत पोचलेली असू शकते. दोन्ही खेपांना एकच व्यवहार क्रमांक असेल आणि बँक तो तपासत असेल, तरच पुन्हा पाठवणं सुरक्षित.

दोन पथ्यं पाळावीच लागतात. कार्ड क्रमांक, ओटीपी, पासवर्ड लॉगमध्ये कधीच उतरू द्यायचे नाहीत. आणि जागा वाचवण्यासाठी यशस्वी नोंदी सरसकट गाळायच्या नाहीत, त्यांतला काही हिस्सा तरी ठेवायचा. तुलनेला त्या नसत्या, तर 412 हा आकडा समोर असूनही कोणाला खटकला नसता.