शून्य ते तीन, आणि त्यावरची तिरकी रेघ

मावशीने दुकानातूनच फोटो पाठवला. खाली निरोप: "नातवाला गाडी घेतेय. खोक्यावर शून्य ते तीन लिहिलंय, म्हणजे त्याच्याच वयाची ना?" नातू चौदा महिन्यांचा. फोटो मोठा करून पाहिला तर लाल वर्तुळात बाळाचा चेहरा, शेजारी 0-3, आणि त्या सगळ्यावरून एक तिरकी रेघ. नो पार्किंगच्या पाटीवर असते तशीच. मी लगेच फोन केला, "अगं मावशी, ती रेघ बघ. शून्य ते तीन वर्षांच्या मुलांना हे देऊ नका, असा त्याचा अर्थ आहे."

"पण तो हुशार आहे गं," मावशी म्हणाली. हुशारीचा इथे संबंध नाही. खोक्यावर वयाचे आकडे दोन तऱ्हेने येतात. "रेकमेंडेड एज 5+" हा नुसता सल्ला असतो. पाच वर्षांच्या मुलाला खेळ जमेल, गोडी लागेल, एवढंच त्यातून कळतं. "नॉट सुटेबल फॉर चिल्ड्रन अंडर 36 मन्थ्स" ही मात्र मनाई आहे. तीन वर्षांखालची मुलं हाताला लागेल ते तोंडात घालतात, म्हणून ती घातलेली असते.

मनाईचं कारण त्याच ओळीत पुढे होतं: "चोकिंग हॅझर्ड, स्मॉल पार्ट्स". याचं "गुदमरण्याचा धोका, लहान भाग" असं भाषांतर केलं तर कुणाला काही बोध होणार नाही. मी मावशीला लिहिलं, "सुटे तुकडे आहेत, घशात अडकून श्वास कोंडेल." तुकडा लहान की मोठा, हे डोळ्यांच्या अंदाजाने ठरत नाही. तपासणीत एक छोटी नळी वापरतात, तोंडाशी सुमारे 32 मिलिमीटर रुंद आणि तळाला तिरकी. तुकडा न दाबता तिच्यात पूर्ण मावला, तर तो लहान. दहा रुपयांचं नाणं 27 मिलिमीटरचं असतं, म्हणजे नळीचं तोंड त्याहूनही थोडं मोठं. आपल्याला चांगला मोठा वाटणारा तुकडाही तिच्यात जाऊ शकतो. या गाडीची रबरी चाकं निघत होती, आणि नाण्याशेजारी धरली तर जेमतेम तेवढीच होती.

दुसरा फोटो गाडीच्या तळाचा आला. "बॅटरीज नॉट इन्क्लुडेड, 3 x AA". म्हणजे तीन पेन्सिल सेल वेगळे घ्या, नाहीतर वाढदिवसाच्या दिवशी गाडी जागची हलणार नाही. तिन्ही सेल एकाच जातीचे आणि एकदम नवे हवेत. जुना-नवा मिसळला की जुना आधी संपतो, इतर सेल त्याच्यातून जबरदस्तीने वीज ढकलतात आणि तो गळू लागतो.

मी थबकले ती रिमोटच्या फोटोपाशी. तिथे "CR2032" होतं. हा चपटा, चकचकीत बटण सेल. नावातला 20 म्हणजे 20 मिलिमीटर व्यास आणि 32 म्हणजे 3.2 मिलिमीटर जाडी. साधारण रुपयाच्या नाण्याएवढा. पण नाणं गिळणं वेगळं आणि हा सेल गिळणं वेगळं. अन्ननलिकेत तो अडकला की ओल्या पेशींमधून वीज वाहू लागते, ऋण टोकाशी तीव्र अल्कली तयार होते आणि आतला भाग भाजतो. गंभीर जखमेला दोन तासही पुरतात. त्यासाठी सेल फुटावा लागत नाही. रिमोट चालवायला निकामी झालेला सेलही हे करू शकतो. आणि मूल बोलत नसेल तर दिसतं काय? लाळ गळते, दूध नको म्हणतं, खोकतं. सर्दीच वाटावी. सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नका, काही खायला घालू नका, एक्स-रे आणि दुर्बिणीची सोय असलेल्या दवाखान्यात थेट जा.

म्हणून मी मावशीला एकच गोष्ट बघायला सांगितली: रिमोटच्या सेलच्या झाकणाला स्क्रू आहे का? नव्हता. नखाने झाकण सरकत होतं. मग खोक्यावर वय काहीही छापलेलं असो, रांगतं बाळ असलेल्या घरात ते खेळणं नको.

शेवटी आयएसआयची खूण शोधली. 1 जानेवारी 2021 पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर ती सक्तीची आहे. खुणेच्या वर मानकाचा क्रमांक असतो, विजेवर किंवा सेलवर चालणाऱ्या खेळण्यांसाठी IS 15644, बाकीच्यांसाठी IS 9873. खाली CM/L ने सुरू होणारा परवाना क्रमांक. तो BIS Care या अॅपमध्ये टाकला की परवाना कुणाचा ते कळतं. मावशीच्या खोक्यावर खूणच नव्हती.

तिने गाडी ठेवून दिली आणि कापडी चेंडू घेतला. तुम्ही कुणाला असा फोटो पाठवाल तेव्हा समोरच्या बाजूवर थांबू नका. खोक्याचा तळ, खेळण्याचा तळ आणि सेलचं झाकण, या तिन्हींचे फोटो पाठवा.