निन्टेन्डोने काय काढून टाकले?

बिझनेस क्विझ आणि मॅनेजमेंटच्या परीक्षांमध्ये एका साच्याचा प्रश्न हमखास भेटतो. ‘निन्टेन्डो कंपनीने २००६ साली वी हा गेम कन्सोल बाजारात आणला. हे कशाचे उदाहरण?’ खाली चार पर्याय असतात: कॉस्ट लीडरशिप, डिफरन्सिएशन, ब्लू ओशन, कोअर कॉम्पिटन्स. तयारी करून आलेला विद्यार्थी ब्लू ओशनवर खूण करतो, गुण मिळवतो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो.

उत्तर बरोबरच आहे. पण ते का बरोबर आहे हे विचारले, तर बहुतेक जण ‘कारण वी काहीतरी नवीन होता’ एवढ्यावर थांबतात, आणि नेमके तेच कारण चुकीचे आहे. शिवाय त्या यादीतला चौथा पर्याय पहिल्या तिघांच्या पंगतीत बसणाराच नाही. या दोन्ही गोष्टी समजून घ्यायला वीची गोष्ट मुळापासून पाहावी लागते.

२००६ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत दोन कन्सोल दोन दिवसांच्या अंतराने विक्रीला आले. १७ तारखेला सोनीचा प्लेस्टेशन ३ आला, १९ तारखेला निन्टेन्डोचा वी. मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स ३६० वर्षभर आधीच दुकानांत होता. सोनी आणि मायक्रोसॉफ्ट यांची चढाओढ एकाच गोष्टीवर चालली होती: कोणाचा प्रोसेसर जास्त ताकदवान आणि कोणाचे चित्र जास्त रेखीव. प्लेस्टेशन ३ मध्ये खास विकसित केलेला सेल प्रोसेसर होता, ब्लू-रे ड्राइव्ह होता, हार्ड डिस्क होती. त्याची किंमत ४९९ डॉलरपासून सुरू होऊन ५९९ पर्यंत जायची आणि तरीही सुरुवातीला प्रत्येक कन्सोल विकताना सोनीला पदरमोड करावी लागत होती. पुढे गेम्सच्या विक्रीतून पैसे वसूल करू, असा हिशेब होता.

निन्टेन्डोला ही शर्यत परवडणारी नव्हती. आधीच्या पिढीत तिचा गेमक्यूब जेमतेम २ कोटी १७ लाख विकला गेला, तर सोनीचा प्लेस्टेशन २ पंधरा कोटींच्या पुढे गेला. कंपनीचे अध्यक्ष सातोरु इवाता यांनी वेगळाच प्रश्न मांडला. गेम खेळणाऱ्यांना आणखी काय हवे, यापेक्षा जे गेम खेळतच नाहीत ते का खेळत नाहीत? घरातली आई, आजोबा, गेमच्या जॉयस्टिकवरची बटणे पाहूनच हात मागे घेणारा पाहुणा, हे सगळे त्यांच्या डोळ्यांसमोर होते.

इथे ब्लू ओशनचा मूळ विचार लागू पडतो. फ्रान्समधल्या इन्सिअ‍ॅड या संस्थेतले डब्ल्यू. चॅन किम आणि रेने मोबोर्न यांनी तो २००५ च्या पुस्तकात सविस्तर मांडला. जिथे सगळ्या कंपन्या त्याच ग्राहकासाठी त्याच निकषांवर झुंजतात, तो बाजार म्हणजे लाल समुद्र. जिथे अजून स्पर्धाच नाही, तो निळा. निळ्या समुद्रात जायचे तर त्यांनी चार प्रश्न सांगितले: धंद्यात सगळे गृहीत धरतात त्यांतले काय पूर्ण काढून टाकायचे, काय कमी करायचे, काय वाढवायचे आणि आजवर कोणी दिले नाही असे काय आणायचे?

वीला हे प्रश्न लावून पाहावेत. निन्टेन्डोने हाय डेफिनिशन चित्र काढून टाकले, हार्ड डिस्क काढली, डीव्हीडीवर सिनेमा पाहण्याची सोय काढली. प्रोसेसरची ताकद कमी ठेवली. तो गेमक्यूबमधल्याच प्रोसेसरची सुधारलेली आवृत्ती होता. वाढवला तो सोपेपणा. आणि आणला तो हातात धरून हलवायचा रिमोट. टेनिसची रॅकेट फिरवावी तसा हात फिरवला की पडद्यावरचा खेळाडू चेंडू टोलवतो. नियम समजावून सांगावे लागत नाहीत. किंमत २५० डॉलर, म्हणजे स्वस्तातल्या प्लेस्टेशन ३ च्या निम्मी.

त्या रिमोटची रचना जवळून पाहण्यासारखी आहे. हाताची हालचाल ओळखायला त्यात अ‍ॅक्सिलरोमीटर होता. मोटारीतली एअरबॅग केव्हा उघडायची हे ठरवणारे सेन्सर वर्षानुवर्षे वापरात होते, त्याच जातीचा हा भाग. टीव्हीवर ठेवायच्या लांबट पट्टीला कंपनी सेन्सर बार म्हणायची, पण तिच्यात सेन्सर नव्हताच. तिच्या दोन टोकांना फक्त इन्फ्रारेड दिवे होते आणि ते पाहणारा कॅमेरा रिमोटच्या तोंडाशी होता. बार हरवला तर टीव्हीपुढे दोन मेणबत्त्या पेटवूनही खेळता येते, हे लोकांनी करून दाखवले. म्हणजे महागडे संशोधन फारसे कुठेच नव्हते. होती ती साध्या, आधीपासून मिळणाऱ्या भागांची हुशार मांडणी.

आता परीक्षेतला पहिला सापळा. ‘ब्लू ओशन म्हणजे बाजारात सर्वांत आधी पोहोचणे’ असा पर्याय हटकून दिलेला असतो आणि तो चूक आहे. हालचालीवर चालणारे खेळ वीच्या आधीही होते. मॅटेल कंपनीने १९८९ मध्ये निन्टेन्डोच्याच जुन्या कन्सोलसाठी पॉवर ग्लव्ह नावाचा हातमोजा काढला होता आणि तो चालला नाही. सोनीने २००३ मध्ये आयटॉय हा कॅमेरा आणला होता. कल्पना जुनीच होती. बदलले ते एवढेच की निन्टेन्डोने बाकीचा खर्च छाटून सगळा कन्सोल त्या एका कल्पनेभोवती उभा केला.

दुसरा सापळा डिफरन्सिएशनचा. मायकेल पोर्टर यांनी १९८० मध्ये मांडले की कंपनीने स्वस्त विकायचे की वेगळे विकायचे ते ठरवावे. दोन्हींच्या मधे अडकलेली कंपनी मार खाते. किम आणि मोबोर्न यांचा दावा नेमका याच्या उलट आहे: खर्च खाली आणि ग्राहकाला मिळणारे मोल वर, दोन्ही एकाच वेळी. म्हणून वी ओळखताना ‘काय नवे आले?’ हा प्रश्न पुरत नाही. ‘काय काढून टाकले?’ याचे उत्तर मिळाले तरच ब्लू ओशनवर खूण करावी. नुसते नवे आणि महाग असेल तर ते पोर्टर यांचे डिफरन्सिएशन.

विक्रीने हा डाव खरा ठरवला. मार्च २००९ ला संपलेल्या एका वर्षात निन्टेन्डोने जवळपास २ कोटी ६० लाख वी विकले. वृद्धाश्रमांत वीवरच्या बोलिंगचे सामने रंगू लागले. एकूण विक्री १० कोटींच्या वर गेली.

मग कोअर कॉम्पिटन्स कुठे आली? ही कल्पना वेगळ्या घरातली आहे. कोइमतूरचे सी. के. प्रल्हाद आणि गॅरी हॅमेल यांनी ती १९९० मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूतल्या लेखात मांडली. त्यांनी कंपनीला झाडाची उपमा दिली. पाने-फळे म्हणजे ग्राहकाला दिसणारा माल, आणि कोअर कॉम्पिटन्स म्हणजे त्याला पोसणारी मुळे. त्यांचे गाजलेले उदाहरण होंडाचे. मोटरसायकल, मोटार, गवत कापण्याचे यंत्र आणि जनरेटर यांचे बाजार वेगळे, पण सगळ्यांच्या पोटात होंडाचे इंजिन बनवण्याचे कसब. ते कसब गाभ्याचे आहे का हे ठरवायला त्यांनी तीन कसोट्या दिल्या. त्यातून अनेक बाजारांची दारे उघडली पाहिजेत, ग्राहकाला जाणवणाऱ्या फायद्यात त्याचा मोठा वाटा असला पाहिजे आणि प्रतिस्पर्ध्याला त्याची नक्कल अवघड गेली पाहिजे.

वीचा रिमोट या कसोट्यांवर घासला की तिसऱ्या कसोटीला तो उतरत नाही. २०१० मध्ये सोनीने मूव्ह आणला, मायक्रोसॉफ्टने कायनेक्ट आणला. कायनेक्टला तर हातात काहीच धरावे लागत नव्हते. चार वर्षांत नक्कल झाली. म्हणजे रिमोट हे पान होते.

मूळ शोधायचे तर निन्टेन्डोच्या एका जुन्या अभियंत्याकडे जावे लागते. गुनपेई योकोई यांचे तत्त्व असे की जे तंत्रज्ञान जुने, स्वस्त आणि पूर्ण माहितीतले झाले आहे, त्याचा अनपेक्षित वापर करावा. कॅल्क्युलेटरच्या जमान्यातल्या पडद्यांवर त्यांनी १९८० मध्ये गेम अँड वॉच काढला. १९८९ चा गेम बॉय एकरंगी पडद्याचा होता, तर प्रतिस्पर्ध्यांचे रंगीत. पण त्यांच्या बॅटऱ्या भराभर संपत आणि गेम बॉय तासन्‌तास चालत राही. यंत्र बनवणारे आणि गेम रचणारे लोक एकाच छताखाली बसून स्वस्त भागांतून नवा खेळ उभा करतात, हे ते कसब. ते हातातल्या यंत्रांत उपयोगी पडले आणि टीव्हीला जोडायच्या यंत्रांतही, ग्राहकाला ते पहिल्या मिनिटाला जाणवले. सोनी आणि मायक्रोसॉफ्टला रिमोटची नक्कल जमली, पण त्या रिमोटसाठी वी स्पोर्ट्ससारखा खेळ रचणे जमले नाही.

म्हणूनच प्रश्नपत्रिकेतला चौथा पर्याय खटकतो. ब्लू ओशन सांगते कंपनी कुठे खेळते. कोअर कॉम्पिटन्स सांगते ती कशाच्या जोरावर खेळते. एकाच कंपनीबद्दल दोन्ही एकदम खरे असू शकते. दोघांतून एकच निवडायला लावणारा प्रश्न विद्यार्थ्याला विचार करायला नाही, पाठांतर करायला शिकवतो, आणि असे प्रश्न काढणाऱ्यांनी हे मनावर घ्यायला हवे.

प्रश्नात साल नसेल तर आणखी पंचाईत होते. वीने खेळायला आणलेल्या आई-आजोबांच्या हातात पुढच्या काही वर्षांत स्मार्टफोन आले आणि त्यावर खेळ फुकट किंवा नगण्य किमतीत मिळू लागले. वीची वार्षिक विक्री मार्च २०१२ पर्यंत एक कोटीच्या खाली आली. त्याच वर्षी कंपनीला तोटा झाला. त्यात वधारलेल्या येनचा आणि ३डीएस या दुसऱ्या यंत्राची किंमत घाईने उतरवावी लागण्याचाही वाटा होता. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या वी यूमध्ये रिमोटऐवजी पडदा असलेला मोठा कंट्रोलर होता. अनेकांना तो नवा कन्सोल न वाटता जुन्या वीचाच जोडभाग वाटला. पाच वर्षांत तो १ कोटी ३६ लाखांपर्यंतच पोहोचला. कसब तेच होते, माणसेही बरीचशी तीच होती. निळा समुद्र मात्र दुसऱ्यांच्या जहाजांनी भरून गेला होता.

२०१७ मध्ये त्याच कसबातून स्विच आला. टीव्हीला जोडा किंवा उचलून हातात घेऊन खेळा, आणि आत एनव्हिडियाची आधीपासून बाजारात असलेली चिप. त्याने १५ कोटींचा आकडा ओलांडला. जून २०२५ मध्ये स्विच २ आला. त्याचा आकार-घाट तोच, ताकद आधीपेक्षा बरीच जास्त, पडदा मोठा, अमेरिकेत आला तेव्हाची किंमत सुमारे ४५० डॉलर. पहिला स्विच तिथे ३०० डॉलरला आला होता. एखाद्या क्विझमध्ये स्विच २ च्या पुढे तेच चार पर्याय आले, तर काय काढून टाकले याची यादी विद्यार्थ्याला करता येणार नाही आणि ब्लू ओशनवरची खूण चुकेल. आहे त्याच ग्राहकाला जास्त चांगले यंत्र जास्त किमतीला देणे हे डिफरन्सिएशन झाले.